शालू तेवढा लाल

आमच्या जुळे सोलापुरातल्या स्टुडिओत कुंडलिक लग्नाचे फोटो सजवतो. काळजी करायला त्याला कारण लागत नाही, पण त्या दिवशी कारण होतं.

नवरी अंकितानं फोनवर सांगितलं होतं, "दादा, फक्त माझा शालू लाल राहू द्या, बाकी सगळं करडं." हल्ली हे खूळ जोरात आहे. कुंडलिकनं आधी कॉम्प्युटरला लाल रंग निवडायला सांगितला, तर ओठ, गाल, मांडवातला गालिचा, सगळंच लालभडक उरलं. मग त्यानं फोटोवर करडा थर चढवला आणि शालूवरून ब्रश फिरवून तेवढाच थर बाजूला केला. काम झकास झालं. फोटो मोठा करून फ्रेमही केला.

फ्रेम न्यायला अंकिता आली ती सासूबाईंना घेऊन. माढ्याच्या रंभाबाई. त्यांनी फ्रेमकडे पाहिलं आणि हात मागं घेतला.

"माजा अजिंक्य आसा का केला? आमच्या घरात आसा फोटू एकाचाच हाय. थोरल्याचा. हार घातलेला."

शालू लाल, कुंकू करडं आणि शेजारी राखेसारखा नवरदेव. आमच्या कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं, लाज वाटली मला. अंकिताचा चेहरा तर फोटोतल्यापेक्षा पांढरा. हे तिनं सांगितलंय असं कळलं, तर नव्या नवरीच्या कपाळी जन्मभराचा बोल. तिनं कुंडलिककडे पाहिलं.

"मावशी, चूक माजी हाय," तो म्हणाला. "त्यांनी न्हाय सांगितलं. बसा, आत्ता करतो."

तो फाईल उघडून बसला. ब्रश अजिंक्यच्या कपाळावरून खाली आणला, तसा गव्हाळ रंग परत आला. मग फेटा, मग अंकिताचं कुंकू. रंभाबाई खुर्ची ओढून जवळ सरकल्या.

"रंग कुटनं आणला?"

"आणला न्हाय, मावशी. रंगीत फोटू खाली तसाच हाय. वर करडं पांघरूण हाय, तेवढं काडलं."

अंकितानं सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला, खोटं कशाला बोलू. नवी फ्रेम उद्या न्या, असं मी सांगत होतो. पण रंभाबाई उठल्या नाहीत. त्यांनी कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्टएवढा फोटो काढला. थोरला. काळा-पांढरा, कडा झिजलेल्या. तो त्यांनी कुंडलिकच्या हातात ठेवला.

"मग ह्येचंबी पांघरूण काड की."

कुंडलिकनं फोटो उजेडात धरला. त्याच्याखाली काहीच नव्हतं, नुसता कागद. त्यानं विचारलं, "मावशी, शर्ट कुटल्या रंगाचा होता?"

रंभाबाईंनी सांगायला तोंड उघडलं, मग फोटो परत हातात घेतला आणि शर्टाचा रंग त्यातच शोधू लागल्या.