भिंगदादाचं खरं बोलणं

दागिन्यांच्या त्या दुकानात त्याला सगळे ‘भिंगदादा’ म्हणत. हिरा तो आधी भिंगातून बघायचा, मग सर्टिफिकेट वाचायचा आणि किंमत सर्वांत शेवटी सांगायचा. तीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं नव्हतं. स्वभाव मात्र मास्तरकीचा. समोरच्याला उत्तर सांगण्यापेक्षा त्याच्या तोंडून काढून घेण्यात त्याला भारी गोडी.

एका दुपारी त्याचा धाकटा भाऊ बायकोला घेऊन आला. धाकट्याचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं. नखांतलं काळं घासूनही पुरतं निघालं नव्हतं, पण शर्ट कडक इस्त्रीचा होता.

“दादा, लग्नाला पंचवीस वर्षं झाली. हिच्यासाठी अंगठी. एक कॅरेट पाहिजे, कमी नको.”

“अहो, कॅरेटचं काय घेऊन बसलात,” बायको हळूच म्हणाली.

“तू गप्प बस गं. आज मी बोलणार.”

भिंगदादाने दोन हिरे काढले. पहिला एक पूर्णांक एक शतांश कॅरेटचा, रंग एफ, क्लॅरिटी म्हणजे आतली स्वच्छता व्हीएस वन. दुसरा शून्य पूर्णांक त्र्याण्णव शतांश कॅरेटचा, रंग एच, क्लॅरिटी व्हीएस टू. दोन्हींची सर्टिफिकेटं एकाच प्रयोगशाळेची. हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर त्याने भिंगातून वाचला, कागदावरच्या नंबराशी ताडला आणि मान हलवली. पहिला बराच महाग होता. रंग आणि स्वच्छता वरची, शिवाय वजनाने एक कॅरेट ओलांडला की भाव एकदम उडी मारतो.

कट, म्हणजे पैलूंचा घाट, मात्र उलटा. पहिल्याच्या कागदावर ‘गुड’, दुसऱ्याच्या ‘एक्सलंट’. पहिल्याचं वजन खाली पोटात लपलेलं होतं. वरून तो सव्वासहा मिलिमीटरलाही पोचत नव्हता. दुसरा वजनाने कमी, पण घाट नीट असल्यामुळे वरून किंचित रुंदच. क्लॅरिटीतला फरक साध्या डोळ्यांना दिसणारा नव्हता. घडीच्या पांढऱ्या कागदावर उलटे ठेवले तर दुसऱ्याची पिवळट झाक जेमतेम कळायची, आणि अंगठी तर पिवळ्या सोन्याची व्हायची होती. तिथे ती झाक कोण शोधणार?

एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण भिंगदादाने सर्टिफिकेटं पालथी घातली, काउंटरवरचा मोठा दिवा मालवला आणि हिरे खिडकीच्या उजेडात सरकवले.

“ओळख बघू, महाग कुठला?”

लहानपणी पाढे विचारताना तो असाच सूर लावायचा. शेजारच्या काउंटरवरची मुलगी कौतुकाने बघू लागली. धाकटा वाकला. बराच वेळ बघून त्याने दुसऱ्यावर बोट ठेवलं.

“हा. हा जिवंत आहे.”

“चुकलास!” भिंगदादाने टाळी दिल्यासारखा हात काउंटरवर मारला. “तो स्वस्तातला. म्हणजे तुझ्याच डोळ्यांनी सांगितलं ना, तोच घे म्हणून! उरलेल्या पैशांत गॅरेजला काहीतरी घे.”

काउंटरवरची मुलगी हसली. धाकट्याचे कान लाल झाले.

“मला महाग झेपणार नाही असं वाटतं तुला?”

“अरे, तसं नाही...”

“सगळं आयुष्य ‘चुकलास, चुकलास’ ऐकतोय. आज बायकोसमोरही? एक कॅरेटवाला बांधून दे.”

भिंगदादाने पुन्हा घाट समजावला, मिलिमीटर दाखवले. सगळं बरोबर होतं आणि आता काहीच उपयोगाचं नव्हतं. धाकट्याने महाग हिरा घेतला, भाऊ म्हणून दिलेली सूट नाकारली आणि तेव्हापासून दुकानाची पायरी चढला नाही. फोनवर “बरंय, कामात आहे” एवढंच.

वर्षभराने त्याची बायको अंगठी साफ करायला एकटीच आली. भिंगदादाने ती कोमट साबणाच्या पाण्यात बुडवली, मऊ ब्रशने हिऱ्यामागचा चिकटा काढला, पुसली आणि सवयीने भिंगाखाली धरली. कडेच्या आत खोल घाटाची मंद, काळपट छाया.

“मला दुसराच आवडला होता, दादा,” ती म्हणाली. “पण ह्यांनी त्या दिवशी हिरा बघितलाच नाही. तुमचं तोंड बघत होते. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी मोठं काही घेत होते, तुम्ही नुसतं ‘छान’ म्हणावं एवढंच होतं.”

भिंगदादाने भिंग खाली ठेवलं. दोन ओळींचं सत्य होतं. ते धाकट्याला बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगता आलं असतं. मग त्याने काहीही निवडलं असतं तरी ‘छान’ म्हणता आलं असतं.

“त्याला सांग, अंगठी छान दिसते म्हणावं.”

“तुम्हीच सांगा ना. माझ्याकडून नाही पटायचं त्यांना.”

ती गेल्यावर त्याने फोन लावला. पलीकडे हातोड्याचे ठोके, कुणाची तरी ओरड.

“दादा? काय झालं?”

“काही नाही रे. तू घेतलेली अंगठी साफ केली आत्ता...”

ठोके थांबले. धाकटा वाट बघत होता, पुढे काय चुकलं ते ऐकायला.

“छान आहे,” भिंगदादा म्हणाला.

“आता म्हणतोस होय,” धाकटा म्हणाला. “बरं, गिऱ्हाईक उभं आहे. ठेवतो.”