फळीवरची किल्ली

“किल्ली बाहेर टांगली म्हणून घर बाहेर जात न्हाय,” असं भुवनेश्वरी एकदा म्हणाली होती.

तेव्हा ती विरुपाक्ष आप्पांच्या इमारतीत नुकतीच राहायला आली होती. नवरा गेलेला, मुलगी सृष्टी शाळेत, स्वतः टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर. सोलापुरात नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून तिनंच आप्पांना जिन्याखाली एक फळी ठोकायला लावली. कामाला जाणाऱ्यानं किल्ली फळीवरच्या खिळ्याला अडकवायची, घरी असेल त्यानं दार उघडून पिंपात पाईप सोडायचा. सगळे भाडेकरू तसंच करू लागले. पाणी आलं की गेट उघडं राहायचं, कारण पाईप रस्त्याकडच्या नळाला जोडलेला.

त्या दुपारी ती कामावरून परतली तेव्हा किल्ली खिळ्यालाच होती. दाराला कुलूप होतं. आत कपाट उघडं, साड्या फरशीवर, सासूची चांदीची विभूतीची डबी नाही, कानातले नाहीत. चोर आला, किल्लीनं आत शिरला, कुलूप लावून किल्ली जागेवर ठेवून गेला. घर फोडलं नव्हतं. घर त्याला उघडून दिलं होतं.

सृष्टी त्या दिवशी क्लासवरून उशिरा येणार होती म्हणून वाचली. एरवी त्या वेळी ती आत झोपलेली असते आणि दाराची आतली कडी गेल्या पावसाळ्यापासून निखळलेली. भुवनेश्वरी कपाटासमोर उभी राहून कडीच्या रिकाम्या भोकांकडे पाहत राहिली.

ती खाली आली. “आप्पा, चोरी झालीय. पोलिसांत जाते. आणि मला आतून कडी, दाराला नवं कुलूप, लोखंडी जाळीचं दार पाहिजे. गेटला कुलूप, जिन्यात दिवा.”

आप्पा खुर्चीवरून उठले नाहीत. “दार शाबूत हाय की, अक्का. कुणी तोडलं कुटं?”

“तोडलं न्हाय म्हणूनच भीती वाटतीय.”

शेजारच्या चिमाबाई पदर खोचून आल्या. पाणी बहुतेक त्याच भरत. “म्हंजे माझ्यावर संशय व्हय गं? तुझी पिंपं भरून माझी कंबर मोडली!”

“तुमच्यावर न्हाय, मावशी.”

“मग कुणावर? फळी दिसणार ती आमालाच!”

“गेट उघडं असतं. रस्त्यावरनं जाणाऱ्याला बी दिसती.”

आप्पा तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “हे बघ, पोलिसांपुढं फळीचं नाव काढू नको. बाकीच्यांच्या डोक्यात भरंल, उद्या समदे खोल्या सोडत्याल. कुलूप मी बदलतो. तू एवढं सांभाळ.”

पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं दार पाहिलं, कुलूप पाहिलं, खाली वाकून पाहिलं. मग विचारलं, “किल्ली कुठं असते, बाई?”

जिन्यात सगळे उभे होते. आप्पा भिंतीकडे पाहत होते. चिमाबाईंनी तोंडावर पदर धरला होता. सृष्टी आईच्या मागे, तिचा श्वास मानेवर लागत होता.

“फळीवर,” भुवनेश्वरी म्हणाली. “मीच लावायला सांगितली होती.”

“आणि दार किल्लीनं उघडलं, म्हणजे घरफोडी नाही ना, साहेब?” आप्पांनी घाईनं विचारलं.

“चोरून आत शिरला की घरफोडीच. किल्लीनं उघडलं तरी,” हवालदार म्हणाला आणि लिहीत राहिला. “फिर्यादीची प्रत चौकीतून घ्या, बाई. पैसे द्यायचे नाहीत.”

तो गेला. मग चिमाबाईंनी फळीवरून आपली किल्ली काढून घेतली. दुसऱ्या भाडेकरूनं आपली. खिळे उरले.

चार दिवसांनी सुताराला बोलवून आप्पांनी आतली कडी बसवली, नवं कुलूप बसवलं. जाळीचं दार सणानंतर बघू म्हणाले, दिव्याचं बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी भुवनेश्वरीला खाली बोलावलं. सृष्टी वर एकटी होती, नव्या कडीआड.

आप्पांच्या तळहातावर दोन नव्या किल्ल्या होत्या. एक त्यांनी तिला दिली. दुसरी हातात धरून ते फळीकडे वळले.

“ही हितंच राहू दे. गेट मी बंद ठेवतो, वचन देतो. न्हायतर उद्या नळ आल्यावर तुझी पिंपं कोण भरंल? चिमाबाई आता दारात बी यायच्या न्हाईत. उन्हाळा हाय, अक्का. पाण्याबिगर रहाशील?”

बाहेर गल्लीत कुणी तरी पाईप ओढत होतं. गेट नेहमीसारखं अर्धवट उघडं होतं.

भुवनेश्वरीनं त्यांच्या बोटांतून दुसरी किल्ली काढून घेतली. दोन्ही किल्ल्या कंबरेच्या पिशवीत टाकल्या, पिशवीची दोरी ओढली, आणि स्वतःच नळ बघायला गेटबाहेर पडली.