सगळ्या तारखा जानेवारीच्या

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. घरात ती बटण. शिंप्याची धाकटी मुलगी, लहानपणी गोल आणि जिथेतिथे हरवणारी, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं आणि ते असं घट्ट बसलं की लग्नात नवऱ्याकडच्यांनीही तिला त्याच नावाने हाक मारली. आता ती एका औषधांच्या गोदामाच्या ऑफिसात संगणकाचं काम करते. कुठलं खोकं कधी आलं, कुठल्या गोळ्यांची मुदत कधी संपते, याचे पायथनमधले छोटे छोटे प्रोग्रॅम ती लिहिते. कामाला वाघ. फक्त एक खोड आहे, एकदा चाललेली ओळ ती पुन्हा तपासत नाही. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा!

बाबांना जाऊन आता अडीच वर्षं होत आली. शेवटच्या वर्षी ते दुसऱ्या गावी एकटेच होते आणि टाइप करायचा कंटाळा म्हणून फोनवर आवाजाचे निरोप पाठवायचे. त्याच वर्षी जूनमध्ये बटणची मुलगी जन्मली. मग काय, एका हातात बाळ, दुसऱ्या हातात दुधाची बाटली, निरोप ऐकला न ऐकला आणि खाली अंगठा टाकला. डिसेंबरमध्ये मुलगी तापाने फणफणली होती, तेव्हाचे निरोप तर उघडलेसुद्धा नाहीत. त्याच डिसेंबरात बाबा झोपेतच गेले.

पुढे जुना फोन मेला. त्याआधी तिने निरोप संगणकावर काढून ठेवले होते, प्रत्येक फाइलीच्या नावात त्या दिवसाची तारीख. तेरावं झाल्यावर तिने एक प्रोग्रॅम लिहिला. नावातली तारीख वाचायची, तारखांप्रमाणे क्रम लावायचा आणि सगळे निरोप एकामागे एक जोडायचे. डोळे पुसत पुसत लिहिला आणि पहिल्या फटक्यात चालला.

ऐकायला बसली तर पहिल्याच निरोपात बाबा विचारत होते, "बटण, पोरीला दात आले का गं?" दुसऱ्यात, "डॉक्टर काय म्हणाले? जपून चाल." तिसऱ्यात बाळाच्या फ्रॉकची बाही बसवून झाली होती, चौथ्यात फ्रॉकसाठी कापड बघायला जायचं होतं. तिने घाईने एकदम शेवटचा निरोप लावला. बाबा हसत हसत म्हणत होते, "दिवस भरत आले ना? मग कधी होणार बाळ?"

बाळ तेव्हा सहा महिन्यांचं होतं!

तिने संगणक बंद केला आणि मधले निरोप पुन्हा कधी ऐकले नाहीत. दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "शेवटी शेवटी बाबांचं काही खरं नव्हतं." बाबांच्या कपाटात सापडलेला फ्रॉकही तेच सांगत होता. खांद्यावर नको तेवढ्या चुण्या, कमरेला जाड शिवण, खालचा घेर वीतभर आत दुमडलेला. ज्या माणसाच्या शिवणीत कधी वाकडा टाका पडला नाही, त्याने हे असलं काहीतरी शिवलं? तिने फ्रॉक कपाटाच्या तळाशी ठेवला. मुलीला कधी घातला नाही. बाबा आठवले की आधी हेच आठवायचं. वर्षभर त्यांचं मन विस्कटत होतं आणि आपल्याला पत्ताही नव्हता. नातीला आजोबा कळले नाहीत ते नाहीतच, आजोबांनाही नात कळली नाही, या विचाराने ती कितीदा भर जेवणात ताट सरकवून उठली असेल.

मागच्या आठवड्यात गोदामप्रमुखांचा फोन आला. तोंडाने फटकळ, मनाने मऊ माणूस.

"बाई, तुमच्या नव्या यादीप्रमाणे माझी सगळी औषधं जानेवारीतच मरतायत. काय साथ आलीय का?"

"असं कसं होईल काका?"

"तेच विचारतोय. अर्धं गोदाम फेकायच्या यादीत आलंय. माझ्या हातातल्या खोक्यावर यंदाचा सप्टेंबर छापलाय, तीस तारीख. तुमची यादी म्हणते तीस जानेवारी, रात्रीचे बारा वाजून नऊ मिनिटं. ही नऊ मिनिटं कुणी सांगितली तुम्हाला?"

"फेकू नका काही. बघते."

तिने प्रोग्रॅम उघडला आणि तारीख वाचायच्या ओळीवर तिची नजर थांबली. "%Y-%M-%d". कपाळावर हात मारला तिने. छोटा एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिट. तिने मोठा लिहिला होता. पायथनने सप्टेंबरचा नऊ मुकाट्याने मिनिटांत टाकला, आणि महिना कुणी सांगितलाच नाही म्हणून आपल्या मनाने जानेवारी धरला. कुरकुर करायला त्याला कारणच नव्हतं. एक ते बारा हे आकडे मिनिटं म्हणून चालतातच, आणि जानेवारीत एकतीस दिवस असल्यामुळे कुठलीच तारीख अडत नाही. अडली असती तर बरं झालं असतं.

तिने अक्षर बदललं, यादी पुन्हा काढली, काकांनी खोक्यांशी ताडून बघितली. सप्टेंबर सप्टेंबरात गेला.

"जीव भांड्यात पडला," काका म्हणाले. "पण ही ओळ आणलीत कुठून?"

"घरून," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ओळ बाबांच्या निरोपांच्या प्रोग्रॅममधून उचललेली होती. म्हणजे तिथेही सगळे महिने जानेवारी झाले होते आणि क्रम नुसता दिवसांवर लागला होता. दोन ऑक्टोबर, मग तीन एप्रिल, मग चार सप्टेंबर. आणि सगळ्यांत शेवटी एकतीस मे. एकतीस मेला बाळ झालंच नव्हतं! बाबांनी अगदी बरोबर विचारलं होतं.

घरी येऊन तिने चपला काढायच्या आधी संगणक लावला. अक्षर बदललं. नवऱ्याने मुलीला मांडीवर घेतलं आणि तिघं ऐकत बसली.

बाबा सरळ बोलत होते. आधी डॉक्टर, मग दिवस भरणं. मग जूनमध्ये नुसतंच रडणं आणि "नाक पुसू दे जरा." मग कापड, मग बाही, मग दात. कुठे एक टाका चुकला नव्हता. शेवटचा निरोप डिसेंबरचा, कधीच न उघडलेला.

"बटण, फ्रॉक झाला बरं का. दिसायला बोजड दिसेल, हसू नकोस. मुद्दाम माया सोडलीय, जास्तीचं कापड आत दुमडून. पहिल्या वाढदिवसाला असाच घाल. मग खांद्याच्या चुण्या सोड, कमर उसव, शेवटी घेर. तीन वर्षांची होईपर्यंत पुरेल. दरवेळी थोडा उसवलास की दरवेळी नवा. घातलास की फोटो पाठव, मी वाट बघतो."

तिला बाबा हवे होते. आत्ता, समोर, चष्मा नाकावर घेऊन बसलेले. एक अक्षर बदलून महिने जागेवर आले, तसं काही इथे चालत असतं तर! तिने दादाला फोन लावला. "दादा, बाबांना सगळं आठवत होतं. शेवटपर्यंत. माझंच चुकलं होतं." दादाने तो शेवटचा निरोप फोनवरच लावायला सांगितला.

मग तिने तळातून फ्रॉक काढला. पहिला वाढदिवस गेला, दुसरा गेला, तिसरा पुढच्या महिन्यात. थोडं थोडं उसवायची वेळ निघून गेली होती, म्हणून तिने खांदे, कमर, घेर सगळं एका बैठकीत उसवलं. मुलगी हात वर करून उभी राहिली. फ्रॉक गुडघ्यापर्यंत आला, नेमका.

"कुणी दिला?" मुलीने विचारलं.

"आजोबांनी. तू सहा महिन्यांची होतीस तेव्हा."

"मग तेव्हा का नाही घातला?"

बटणने तिचा फोटो काढला. मग फोन हातात घेऊन बसली, कुणाला पाठवायचा ते न कळून.