मी ज्याला वैराग्य म्हटलं

घड्याळवाले भावजी म्हणजे आमच्या यांचे शाळेपासूनचे मित्र. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान आहे आणि दुकानावरच्या खोलीत ते एकटेच राहतात. माणूस इतका टापटीप की हे चिडवायचे, "तुझ्या सदऱ्याच्या घडीला हात लावला तर बोट कापेल." त्यावर भावजींचं उत्तर ठरलेलं असायचं, घड्याळाच्या पोटात एक केस पडला तरी चाक अडतं. म्हणून रोज गुळगुळीत दाढी, दर सोमवारी नखं, आणि कामाला बसण्याआधी हात कोपरापर्यंत धुतलेले.

संध्याकाळची प्रार्थना झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. भावजी दर रविवारी चहाला येतात, त्यामुळे त्यांच्याबद्दलही काहीबाही असतंच. दोन महिन्यांपूर्वी लिहिलंय, "भावजींनी दाढी वाढवलीय. शोभते." पुढच्या रविवारी, "सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय. लावून देते म्हटलं, तर राहू द्या म्हणाले." त्याच्या पुढे, "तोच करडा स्वेटर. कोपरावर चहाचा डाग, मागच्या वेळचाच." मग चपलेचा अंगठा तुटलेला. मग केस तेलकट, मानेवर चिकटलेले. आणि त्याच्याखाली माझ्याच अक्षरात, "भावजींचं मन संसारातून निघालं. आपलं कधी निघणार, देव जाणे."

हे मी नुसतं लिहिलं नव्हतं, त्यांच्या तोंडावर बोलले होते. कपड्यालत्त्याचा मोह सुटला, भाग्यवान आहात, असं. ते खाली फरशीकडे बघत हसले होते. यांना तर ऊतच आला. मठ कधी काढतोस, पहिला शिष्य मीच, म्हणाले. भावजी त्यालाही हसले, पण जरा उशिरा, कुणीतरी आठवण करून दिल्यासारखे.

मागच्या महिन्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी ते सकाळीच आले. आत यायला तयार नव्हते. दारातच यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. कामाच्या वेळी डोळ्याला लावायचं त्यांचं भिंग होतं, वडिलांच्या वेळचं. दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नसत.

"ठेव तुझ्याकडे. मला आता लागत नाही."

हे म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल, दाखवून ये. भावजी बरं म्हणून निघाले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. नखं वाढलेली, आत काळं भरलेलं, एक अर्धवट तुटून तसंच राहिलेलं. अंगाला बऱ्याच दिवसांचा वास होता.

मी कामाला लागले, पण हात चालेना. आमच्या ओळखीत दोन-तीन खरे विरक्त लोक आहेत. ते दोनच कपडे ठेवतात, पण ते दोन रोज धुतात. पहाटे अंघोळ केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. मोह सोडलेला माणूस असा कुजत बसत नाही. भावजींनी जग सोडलं नव्हतं, स्वतःला टाकून दिलं होतं. आणि आता हाताशी होतं तेही वाटून टाकत होते.

वही काढली आणि मागची पानं एका दमात वाचली. एकेक ओळ साधी होती. सगळ्या मिळून वाचल्या आणि मी वही तशीच घेऊन फोनकडे गेले.

माझ्या वन्सं इस्पितळात परिचारिका आहेत. त्यांना फोन लावून ती पानं तशीच वाचून दाखवली, सकाळचं भिंगाचंही सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, भिंग दिलं ते आजच का. मग म्हणाल्या, तुम्ही दोघं आत्ता जा. स्वयंपाक राहू दे. मन खचलं की अंघोळसुद्धा डोंगरासारखी वाटते, तो आळस नव्हे. त्यामुळे दाढी कर, नीट राहा, असं म्हणायचं नाही. लाज आधीच पुष्कळ असते, तुम्ही भर घालू नका. काय दिसलं ते सांगा आणि मग सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. आणि हो म्हणाले तर एकटं सोडू नका.

दोन गल्ल्यांचं अंतर, पण संपेना. मी मनात देवाचं नाव घेत होते आणि मध्येच ते विसरत होते.

दुकान बंद होतं. जिना चढून कडी वाजवली. बराच वेळ काहीच नाही. यांनी हाक मारली, शाळेत मारायचे त्या नावाने. आत पलंग करकरला आणि दार उघडलं. खोलीत आंबूस वास. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, बेसिनमध्ये दाढीचा ब्रश वाळून कडक झालेला. भिंतीवरची पाच घड्याळं पाच वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. चावीच दिलेली नव्हती.

भावजी पुन्हा पलंगावर टेकले, मी पलंगाशेजारी बसले.

"भावजी, महिनाभर बघतेय. बटण, तोच स्वेटर, नखं. मी त्याला वैराग्य म्हटलं, ती माझी चूक. तुम्हाला बरं नाहीये. जीव द्यायचा विचार येतो का?"

त्यांनी यांच्याकडे बघितलं. हे त्यांच्या दुसऱ्या बाजूला टेकले.

"येतो, वहिनी," ते म्हणाले. "सकाळी उठतो, बेसिनपर्यंत जातो, आणि वाटतं, धुवायचं कुणाला."

कारण विचारलं, तर त्यांनाही नीट सांगता येईना. झोप नाही, भूक नाही, बारीक काम करताना हात जड होतात. काय योजलं होतं तेही त्यांनी सांगितलं. ते मी वहीत लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही. कपाटाची किल्ली मात्र यांनी मागून घेतली आणि भावजींनी ती दिली. देताना सुटल्यासारखा श्वास सोडला.

डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर तिथेच अडले. "असा कसा येऊ? वास मारतोय मी. जरा माणसात आलो की जाऊ." मला कळलं, या एका वाक्यावर ते महिनाभर थांबले होते.

हे उठून त्यांच्यासमोर उभे राहिले. "मीपण आज दाढी केलेली नाही. पायात बघ, घरातल्या चपला आहेत. डॉक्टरकडे आपण काही नवरदेव म्हणून चाललो नाही. चल."

तसेच गेले, त्याच स्वेटरात.

डॉक्टरांनी हा आजार आहे हे स्पष्ट सांगितलं. औषध सुरू केलं, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. गुण यायला काही आठवडे जातील, तोवर सोबत ठेवा, म्हणाले. पहिले बारा दिवस ते आमच्या बाहेरच्या खोलीत झोपले. मी रोज कोमट पाण्याचं घमेलं आणि पंचा ठेवून निघून जायची. कधी तोंड धुतलेलं असे, कधी पाणी तसंच. मी त्यावर बोलायची नाही, पण रोज आधी पाण्याकडे बघायची. एकदा चार दिवस सलग पाणी हललं नाही. तेव्हा यांनी पुन्हा तोच प्रश्न सरळ विचारला आणि दुपारी डॉक्टरांकडे नेलं. औषध बदललं.

आता ते त्यांच्या खोलीत राहतात. कपाटाची किल्ली आमच्याकडेच आहे. आम्हा दोघांपैकी एकजण रोज जिना चढतोच, आणि दार उघडेपर्यंत मी अजून पलंगाच्या करकरीकडे कान लावून उभी राहते.

काल मी डबा घेऊन गेले. दाढी होतीच, स्वेटर मात्र दुसरा होता. डबा घेताना त्यांचा डावा हात दिसला. पाचही नखं कापलेली. उजव्याची तशीच. मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"दमलो, वहिनी. उजव्या हाताची उद्या," ते म्हणाले. मग निघताना हळूच विचारलं, "ते भिंग यानं कुठे हरवलं तर नाही ना?"

नाही म्हटलं, देवाजवळच्या खणात आहे. संध्याकाळी वहीत एकच शब्द लिहिला: उद्या. आज दुपारी भिंग घेऊन जायचं आहे.