पिशवीतला फिल्टर

श्वास हीच माणसाची खरी संपत्ती, असं आमच्या बिल्डरने बुलढाण्यातल्या हवाबंद फ्लॅटच्या उद्घाटनात हात जोडून सांगितलं. बाहेर जाणाऱ्या थंड हवेने आत येणारी गरम ताजी हवा निववणारं यंत्र मी बसवलं होतं. तीन महिन्यांनी तिथे राहणाऱ्या, दमा असलेल्या काकूंचा फोन आला, खिडकी लावली की जीव घुसमटतो. त्यांच्या बेडरूमच्या जाळीतून तासाला तीस घनमीटर हवा यायला हवी होती, मीटरवर चार आली. स्वयंपाकघरातून हवा ओढणारा पाइप मात्र ठीक होता. यंत्र उघडलं, तर बिल्डरने स्वतः बदललेला नवा फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीतच.

"पिशवी काऊन नाही काढली, साहेब?"

"धूळ बसली असती ना त्याले."

काकू तोवर खिडकी उघडी ठेवून झोपत होत्या.