आज मी "रेट ब्लॉक करा" म्हटलं नाही

मंडळी, मी दादरला परकीय चलनाच्या काउंटरवर बसते. मागे एका काकांना सुचवलं होतं, "थोडे पैसे भरून आजचा रेट ब्लॉक करा." त्यांनी केला आणि नंतर डॉलर उतरला; ठरलेल्या चढ्या भावानेच त्यांना घ्यावा लागला. त्यांनी माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली. माझं इन्क्रिमेंट गेलं.

आज सकाळी तेच काका आले. उद्या अमेरिकेला निघालेत. रुपया घसरत होता, बोर्डावर डॉलरचा विक्रीचा भाव सारखा चढत होता. "उतरेल," म्हणत ते बाकावर बसून राहिले. मी नोटा मोजत राहिले.

बंद करायच्या वेळी सगळ्यात चढ्या भावाने त्यांचं बिल केलं.

"सकाळीच ब्लॉक करा म्हणायचंस ना गं."

"काका, काउंटरवाल्यांनी सल्ले देऊ नयेत, असं तुम्हीच लिहिलं होतंत."

घरचा चहा आज फार गोड लागतोय. वाईट वाटायला हवं होतं का?