मधाचा थेंब आणि गुळाचा पाक

भिवंडीच्या बाजारात आमचं काष्ठौषधींचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकात माझे यजमान आजारी पडले आणि गल्ल्यावर मी बसू लागले. मधाच्या बरणीशेजारी मी पाण्याचा पेला ठेवलेला असे. थेंब टाकायचा, तो न विरघळता तळाशी गेला की मध शुद्ध, पसरला की भेसळ. लूमवर काम करणारी गिऱ्हाइकंही म्हणत, "भाभी, पानी में डालके दिखाओ." मी ऐटीत दाखवायची.

मध आणायची एक कातकरीण. कित्येक वर्षं तिच्याच मधावर आमचं दुकान चाललं, कधी कुणाची तक्रार नाही. एकदा पाऊस ओसरता ओसरता तिने बाटली आणली. गिऱ्हाइकांसमोर मी थेंब टाकला. तो तळाला जाईपर्यंत त्याच्या रेघा झाल्या.

"पाणी घातलंस ना गं?" मी विचारलं.

"न्हाय घातला बाय. पावसातला माश्यांचा पोला हाय, मद पातलच निंगतो."

"पेला खोटं बोलतो का मग? लबाड!"

ती बाटली घेऊन निघून गेली. माझा शब्द बाजारात फिरला, आणि इतर दुकानांनीही तिला दारात उभं केलं नाही. मला वाटलं, बरी अद्दल घडली.

संक्रांतीला तिळाच्या लाडवांसाठी गुळाचा पाक करत होते. पाक झाला का बघायला वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला. तो तळाशी जाऊन गोळी होऊन बसला. मी त्या गोळीकडे बघतच राहिले. जन्मभर पाक असाच पाहत आले होते, पण मधाच्या पेल्यातही हात तोच, पाणी तेच, हे डोक्यात कधी आलंच नाही. मग साखरेचा दाट पाक करून गार केला आणि दुकानातल्या पेल्यात टाकला. तोही मधासारखाच अख्खा खाली गेला. म्हणजे पेला दाट की पातळ एवढंच सांगत होता. शुद्ध-अशुद्ध ओळखायची माझ्याकडे काही सोयच नव्हती, होता तो नुसता तोरा. स्वतःचा असा राग मला क्वचितच आला असेल.

मी तिला निरोप धाडला. ती आली तेव्हा दुकानात आम्ही दोघीच होतो. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "चुकलं माझं."

तिने ऐकून घेतलं.

"लबाड बोललीस तवा मानसा व्हती. आता एकलीला सांगतंस?"

ती पायरीवर बसली. "येऊं दे मानसा. मंग बोल."

पहिलं गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्याला म्हटलं, "ही लबाड नाही, चूक माझी होती." नंतर येईल त्याला सांगत राहिले, दिवेलागणीपर्यंत. दर वेळी मान खाली जायची. तिने हीच मान खाली घालून अख्खा हंगाम काढला होता, आणि तेही काही चूक नसताना.